मतदार माहितीपत्रकाचा अनुवाद: तीन चिठ्ठ्या, निळं बटण आणि घड्याळाचं चित्र

प्रश्न: आमच्या संस्थेकडे विधानसभा निवडणुकीसाठी मतदारांना वाटायचं दोन पानी इंग्रजी पत्रक आलं आहे. केंद्रावर गेल्यापासून मत देऊन बाहेर येईपर्यंत काय काय करायचं एवढंच त्यात आहे, मध्ये मध्ये घोषणावजा वाक्यं आहेत. मी केलेला मराठी अनुवाद वाचून एक कार्यकर्ता म्हणाला, "सरकारी परिपत्रक वाटतंय." दुसरी म्हणाली, "मला तर प्रचाराचं वाटतंय." घोषणा नकोत, कुणाकडे झुकलेलं नको आणि कमी शिकलेल्या आजीलाही कळलं पाहिजे. नेमकं काय बदलू?

उत्तर:

इंग्रजी मजकूर थोडा वेळ बाजूला ठेवा आणि केंद्राच्या दारापासून परत दारापर्यंत मतदार कुठे कुठे थांबतो, तिथे कोण बसलेलं असतं आणि त्याच्या हातात काय येतं, ते क्रमानं लिहून काढा. मी २००९ पासून दर निवडणुकीला अशी पत्रकं मराठीत करते आहे आणि अजूनही सुरुवात इथूनच करते. इंग्रजी वाक्याला मराठी वाक्य जोडत गेलं की परिपत्रक तयार होतं. मतदाराच्या पावलांमागून गेलं की भाषा आपोआप सरळ होते, कारण प्रत्येक वाक्याला एक जागा आणि एक कृती मिळते.

विधानसभेच्या केंद्रात साधारण असं घडतं. रांगेतून आत गेल्यावर पहिल्या मतदान अधिकाऱ्यापुढे मतदार यादी असते. तो यादीत नाव शोधतो, ओळखपत्र पाहतो आणि नाव मोठ्यानं वाचतो. दुसरा अधिकारी डाव्या हाताच्या बोटाला शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि एक छोटी चिठ्ठी देतो. तिसऱ्या अधिकाऱ्यापुढे कंट्रोल युनिट असतं. तो चिठ्ठी घेतो, बोटावरची शाई पाहतो आणि यंत्र एका मतासाठी मोकळं करतो. मग मतदार आडोशामागे जातो. तिथे उमेदवारांची नावं आणि बटणं असलेलं बॅलट युनिट आणि शेजारी मताची चिठ्ठी छापणारं व्हीव्हीपॅट असतं. तो उमेदवारासमोरचं निळं बटण दाबतो, लाल दिवा लागतो, व्हीव्हीपॅटच्या काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि खाली पेटीत पडते, बीप वाजतो, माणूस बाहेर येतो.

तुमचं पत्रक म्हणजे एवढंच. आता यात अनुवाद कुठे घसरतो ते सांगते.

सर्वांत मोठी चूक चिठ्ठीपाशी होते. इंग्रजी पत्रकात 'स्लिप' हा एकच शब्द तीन वेगळ्या कागदांसाठी वापरलेला असतो. पहिला कागद मतदानाच्या आधी घरी येतो, मतदार माहिती चिठ्ठी, त्यावर यादीचा भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि केंद्राचा पत्ता असतो. दुसरा कागद केंद्रात दुसरा अधिकारी देतो आणि चार पावलांवर तिसरा अधिकारी परत घेतो. तिसरा कागद व्हीव्हीपॅटमध्ये छापला जातो आणि मतदाराच्या हातात कधीच येत नाही. तिन्हींना नुसतं 'चिठ्ठी' म्हटलं की वाचणारा त्यांचा एकच कागद करून टाकतो. काहींचा अनुवाद आणखी पुढे जातो आणि तिसऱ्या कागदाला 'पावती' म्हणतो.

मराठी माणसासाठी पावती म्हणजे घरी घेऊन जायची, जपून ठेवायची वस्तू. विजेच्या बिलाची पावती, पिठाच्या गिरणीतली पावती. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत व्हीव्हीपॅट पहिल्यांदा देशभर प्रत्येक केंद्रावर लागलं. त्या वर्षी आमच्या पहिल्या मसुद्यात 'यंत्रातून पावती निघेल' असं वाक्य होतं. छापण्याआधी गावात वाचून दाखवलं, तेव्हा एका काकूंनी विचारलं, "ती पावती मग कुठं दाखवायची?" आम्ही आधी समजलोच नाही. त्यांना वाटलं होतं की ती पावती बाहेर कुणाला तरी दाखवावी लागते. गुप्त मतदान समजावणाऱ्या पत्रकातून याहून उलटा अर्थ निघू शकला नसता. त्याच दिवशी 'पावती' हा शब्द आमच्या पत्रकांतून कायमचा गेला.

तेव्हापासून मी तिन्ही कागदांना तीन नावं देते आणि ती शेवटपर्यंत बदलत नाही. घरी येते ती 'माहिती चिठ्ठी'. केंद्रात मिळते तो 'छोटा कागद', आणि तो 'पुढच्या टेबलावर द्यायचा' हे त्याच वाक्यात. यंत्रातली ती 'काचेतून दिसणारी चिठ्ठी'. अधिकारी दुसऱ्या कागदाला 'मतदार चिठ्ठी' म्हणतात हे मला माहीत आहे. पण तो कागद मतदाराला नाव घेऊन मागावा लागत नाही, तो आपसूक हातात येतो. म्हणून तिथे अधिकृत नावापेक्षा वेगळेपणा महत्त्वाचा. उलट जे शब्द मतदाराला स्वतः उच्चारावे लागतील किंवा पाटीवर वाचावे लागतील, ते अधिकृतच ठेवा: मतदान केंद्र, भाग क्रमांक, अनुक्रमांक, केंद्राध्यक्ष. तिथे तुम्ही सोपा म्हणून दुसरा शब्द घडवलात तर बिचारा मतदार तो शब्द घेऊन दारात उभा राहील आणि समोरच्याला कळणार नाही.

चौथाही एक कागद आहे, पक्षांचे कार्यकर्ते केंद्रापासून लांब टेबल टाकून देतात तो. नियमानं तो साधा पांढरा असावा लागतो, त्यावर पक्षाचं किंवा उमेदवाराचं नाव आणि चिन्ह चालत नाही. इंग्रजी पत्रकात त्याचा उल्लेख नसेल तर तुम्हीही करू नका. उल्लेख असेल तर 'पक्षांच्या टेबलावरून कागद घेण्याची सक्ती नाही, क्रमांक माहिती चिठ्ठीवरही असतात' एवढं पुरे.

माहिती चिठ्ठीबद्दल मात्र एक वाक्य ठळक छापा: ती ओळखपत्र म्हणून चालत नाही. २०१९ च्या आधी घरी येणारी फोटो असलेली चिठ्ठी ओळखीसाठी चालायची आणि पुष्कळांच्या डोक्यात तेच पक्कं बसलं आहे. जुन्या मराठी पत्रकांतून परिच्छेद उचलून नव्यात घालायची सवय अनेक संस्थांना असते, त्यातून ही चूक अजून फिरते आहे.

ओळखपत्राच्या परिच्छेदात दुसरा धोका 'किंवा' या शब्दाचा. इंग्रजीत लांब यादी देऊन शेवटच्या कागदाआधी एकदा 'किंवा' येतो. मराठीत तशीच स्वल्पविरामांची रांग लावली की माणूस सगळे कागद गोळा करून पिशवीत घालतो, नाही तर एखादा कमी आहे म्हणून घरीच थांबतो. म्हणून यादीआधी सांगा: 'यांपैकी कोणतेही एक मूळ ओळखपत्र पुरे.' यादीचा अनुवाद स्वतः करू नका. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडून त्या निवडणुकीसाठी निघालेली मराठी यादी घ्या आणि जशीच्या तशी छापा. फक्त 'मतदार ओळखपत्र' याच्यापुढे कंसात 'मतदान कार्ड' लिहा, कारण घरात त्याला तेच म्हणतात.

आणि त्या यादीच्याही आधी: 'मतदार यादीत नाव असेल तरच मत देता येते. ओळखपत्र आहे, पण यादीत नाव नाही, तर मत देता येत नाही.' इंग्रजी पत्रकात हे बहुधा शेवटी बारीक अक्षरात असतं. मी ते वर आणायला लावते, कारण भर उन्हात केंद्रावरून परत जाणारी बरीच माणसं याच एका गोष्टीमुळे परत जातात.

आता एक उतारा जवळून पाहू. तुमच्या इंग्रजी पत्रकातही असेल असा हा भाग, शब्दाला शब्द ठेवून केलेल्या मराठीत:

> मतदाराच्या डाव्या तर्जनीवर अमिट शाई लावण्यात येईल व त्यानंतर मतदान अधिकाऱ्याद्वारे निर्गमित केलेली स्लिप सादर केल्यावर मतदारास मतदान कक्षात प्रवेश देण्यात येईल, जेथे त्याने आपल्या पसंतीच्या उमेदवाराच्या नावासमोरील बटण दाबून आपला बहुमोल हक्क बजावावा.

व्याकरण ठीक आहे, आणि तरी एकही कृती डोळ्यासमोर येत नाही. 'तर्जनी' शाळेत पाठ केलेला शब्द आहे. खेड्यात विचारून पाहा, बरेच जण मधलं बोट दाखवतात. 'अमिट' हिंदीतून आलेला शब्द, मराठीत कुणी बोलत नाही. 'निर्गमित', 'सादर' हे कचेरीतले शब्द. 'मतदान कक्ष' वाचून लोकांना वेगळी खोली वाटते. प्रत्यक्षात त्याच खोलीच्या कोपऱ्यात तीन बाजूंनी झाकलेला पुठ्ठ्याचा आडोसा असतो. 'त्याने' म्हटल्यामुळे बाई वाक्याबाहेर राहिली. आणि शेवटी 'बहुमोल हक्क बजावावा' ही घोषणा कृतीच्या वाक्यातच घुसली आहे.

तोच भाग मी असा लिहीन:

> दुसऱ्या टेबलावर तुमच्या डाव्या हाताच्या, अंगठ्याशेजारच्या बोटाला शाई लावतील. ती पुसू नका. तिथेच नोंदवहीत सही करा किंवा अंगठा द्या. तुम्हाला एक छोटा कागद मिळेल.
>
> तो कागद तिसऱ्या टेबलावर द्या. तिथले अधिकारी 'जा' म्हणाले, की आडोशामागे ठेवलेल्या यंत्राकडे जा. तिथे एका वेळी एकच मतदार जातो.
>
> यंत्रावरचा हिरवा दिवा लागलेला आहे ना, ते पाहा. ज्या उमेदवाराला मत द्यायचे, त्याच्या नावासमोरचे निळे बटण दाबा. त्या नावापुढे लाल दिवा लागेल.

लांबी फारशी कमी झालेली नाही आणि ती कमी व्हावी असा हट्टही धरू नका. दोन पानांत बसवायचं म्हणून माणसं वाक्यं आवळतात, आणि पहिली कात्री नेमकी 'तो कागद तिसऱ्या टेबलावर द्या' यासारख्या वाक्यांना लागते. कात्री लावायचीच तर घोषणांना लावा, पुष्कळ जागा मिळेल.

हिरव्या दिव्याचं वाक्य इंग्रजी पत्रकांत क्वचितच असतं, तरी मी ते सुचवते. तिसऱ्या अधिकाऱ्यानं यंत्र मोकळं करण्याआधी बटण दाबलं तर काहीच होत नाही. घाबरलेल्या माणसाला वाटतं की यंत्र बिघडलं किंवा आपलं मत गेलं. लाल दिव्याचंही तसंच. लाल म्हणजे थांबा, चुकलं, धोका असं आपल्या डोक्यात असतं. म्हणून मी पुढे लिहिते: 'लाल दिवा लागणे म्हणजे बटण नीट दाबले गेले.' अनुवादकानं मूळ मजकुरात भर घालावी का, असं तुम्ही विचाराल. परस्पर घालू नये. वेगळ्या कागदावर संस्थेला कळवावं, की इथे एक वाक्य वाढवायला हवं आणि का ते. त्यांनी होकार दिला की घालावं. घोषणा काढतानाही हाच रस्ता. गुपचूप गाळलेलं वाक्य उद्या कुणीतरी दोन्ही भाषा शेजारी ठेवून शोधून काढतं, आणि मग तुम्ही कितीही निष्पक्ष असलात तरी हेतूबद्दल प्रश्न उभा राहतो.

नमुन्यात मी 'द्यायचे', 'निळे बटण' असं ठेवलं आहे, बोलण्यातलं 'द्यायचं', 'निळं' नाही. हेच पत्रक अकोल्यात, धुळ्यात आणि सावंतवाडीत वाटलं जाणार असेल तर पुस्तकी 'ए'कार सगळ्यांना सवयीचा असतो, वाचायला अडत नाही. क्रियापद मात्र सगळीकडे सरळ आज्ञार्थी: पाहा, दाबा, द्या, थांबा. 'करण्यात यावे' एकदाही नको. वाचणाऱ्याला 'तुम्ही' म्हणा. 'मतदाराने' आणि 'मतदारांनी' यांची गरजच पडत नाही, आणि स्त्री-पुरुषाचा प्रश्नही तिथेच मिटतो.

यंत्रापाशी आणखी काही वाक्यं लागतात. 'शेजारच्या यंत्राच्या काचेतून एक चिठ्ठी सात सेकंद दिसेल. तिच्यावर तुम्ही निवडलेल्या उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह आहे का ते पाहा. चिठ्ठी आपोआप पेटीत पडते, ती तुम्हाला मिळत नाही. बीप असा आवाज आला, की तुमचे मत नोंदले गेले.' आणि पुढे: 'चिठ्ठी दिसली नाही किंवा आवाज आला नाही, तर तिथूनच केंद्राध्यक्षांना हाक मारा.' 'तिथूनच' हा शब्द मुद्दाम आहे. बाहेर येऊन सांगितलं तर फार उशीर झालेला असतो.

आता झुकण्याबद्दल. तुमच्या कार्यकर्तीला ते प्रचाराचं का वाटलं असेल, याचा मला अंदाज आहे. उघड पक्षपात कुणी करत नाही, तो विशेषणांतून येतो. 'योग्य उमेदवाराला मत द्या' म्हटलं की काही उमेदवार अयोग्य ठरले. 'बदल घडवा' हे सत्तेबाहेर असलेल्याचं वाक्य आहे, 'विकासाला साथ द्या' हे सत्तेत असलेल्याचं. 'सुशिक्षित उमेदवार निवडा' हेही मत आहे, माहिती नाही. 'पवित्र कर्तव्य' आणि 'राष्ट्रकार्य' यांनी कुणाला पाडलं-निवडून आणलं नाही, तरी वाचणाऱ्यापुढे हात उगारलेला वाटतो. मत न देणारा माणूस तिथेच पत्रक बंद करतो. मूळ मजकुरात अशी वाक्यं असतील तर संस्थेला विचारा, हे कृतीचं पत्रक आहे की आवाहनाचं? दोन्ही हवं असेल तर आवाहन शेवटी एका चौकटीत, आयोगाच्या किंवा संस्थेच्या नावानं, वेगळं छापा. पायऱ्यांच्या वाक्यात नको.

नोटाच्या, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही' या पर्यायाच्या, परिच्छेदात हा तोल सर्वांत लवकर जातो. २०१३ पासून यंत्रावर सगळ्यांत शेवटी नोटाचं बटण असतं. मराठीत मी वाचलेली वाक्यं: 'एकही उमेदवार लायक वाटत नसेल तर', 'सर्व उमेदवार भ्रष्ट असतील तर', आणि उलट बाजूनं, 'नोटा दाबून मत वाया घालवू नका'. तिन्हींत लिहिणाऱ्याचं मत आहे. सरळ वाक्य असं: 'कोणत्याही उमेदवाराला मत द्यायचे नसेल, तर सर्वांत शेवटचे, नोटा लिहिलेले बटण दाबा.' कारण लिहू नका, ते मतदाराचं आहे. परिणाम लिहायचा असेल तर विधानसभेसाठी तो असा: 'नोटाची मते वेगळी मोजतात. निवडून कोण आले, हे उमेदवारांना मिळालेल्या मतांवरूनच ठरते.' पंधरापेक्षा जास्त उमेदवार असले तर आडोशामागे दोन किंवा अधिक यंत्रं शेजारी शेजारी लागतात, कारण एका यंत्रावर नोटा धरून सोळाच बटणं असतात. तेव्हा नोटा शेवटच्या यंत्रावर येतं. 'पहिल्या यंत्रावर नाव सापडले नाही तर शेजारचे यंत्र पाहा' हे वाक्य त्या मतदारसंघापुरतं घाला.

शब्दांइतकंच चित्रांकडे लक्ष द्या, आणि यावर अनुवादकानं बोलू नये असं कुणी म्हटलं तरी बोला. एकदा आमचा मजकूर पूर्ण निर्दोष होता. मांडणी करणाऱ्या मुलानं मतदानाच्या वेळेशेजारी घड्याळाचं छोटं चित्र टाकलं, आणि 'यंत्राकडे जा' याच्याशेजारी उघडा पंजा. दोन्ही मान्यताप्राप्त पक्षांची चिन्हं. त्या मुलाच्या मनात काही नव्हतं, त्याच्या संगणकात तीच चित्रं तयार होती. छापखान्यात मुद्रितं पाहताना लक्षात आलं म्हणून वाचलो. तेव्हापासून बटण दाबणारं एकच बोट काढतो आणि वेळ फक्त अक्षरांत लिहितो. फुलं, हत्ती, सायकल, मशाल हे तर सहज आठवतं. पण अपक्षांना मिळणाऱ्या मुक्त चिन्हांत कपबशी, शिट्टी, सिलिंडर अशा घरातल्या साध्या वस्तू असतात. म्हणून नमुना मतपत्रिकेत कुठलंच ओळखीचं चित्र नको. तीन रिकामे चौकोन आणि 'उमेदवार १, उमेदवार २, उमेदवार ३'. नमुन्यात आडनावंही नकोत. पाटील, कांबळे, शेख लिहिलं की वाचणारा जात-धर्म वाचतो. बाण दाखवलेलं बटणही दर वेळी पहिल्याच उमेदवाराचं नको. चित्रात बोट ठेवायचंच तर बटणांच्या रांगेबाहेर, मोठं करून काढलेल्या एका सुट्या बटणावर ठेवा. रंगांचं तेच. भगवा, हिरवा टाळा. पांढऱ्यावर काळा मजकूर आणि बटण तेवढं निळं, कारण ते खरंच निळं असतं.

तक्रारीचा परिच्छेद मात्र सर्वांत हलक्या हातानं करा. काचेतल्या चिठ्ठीवर वेगळंच नाव दिसलं असं मतदाराचं म्हणणं असेल, तर तो केंद्राध्यक्षांकडे लेखी घोषणा देऊ शकतो. मग केंद्राध्यक्ष आणि उमेदवारांचे प्रतिनिधी यांच्यासमोर त्याला चाचणी मत देऊ देतात. तक्रार खरी निघाली तर त्या यंत्रावरचं मतदान थांबवतात, खोटी निघाली तर मतदारावर कारवाई होऊ शकते. काही पत्रकं यातला पहिला भागच छापतात आणि माणसाला पुढच्या परिणामाची कल्पनाच देत नाहीत. काही दुसरा भाग मोठ्या अक्षरात, लाल चौकटीत छापतात आणि खरी तक्रार असलेल्यालाही घाबरवतात. दोन्ही भाग सलग, एकाच आकाराच्या अक्षरात, एकाच सुरात ठेवा. तसंच, 'तुमच्या नावावर आधीच कुणी मत दिले असेल तर परत जाऊ नका, केंद्राध्यक्षांना सांगा. ओळख पटली की ते तुम्हाला कागदी मतपत्रिकेवर मत देऊ देतील.' अधिकारी याला प्रदत्त मत म्हणतात, तो शब्द कंसात द्या. तिथे मतदाराला तो उच्चारावा लागू शकतो.

तारीख आणि वेळ अनुवादात ठोकून बसवू नका, मोकळी जागा ठेवा. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानात बहुतेक ठिकाणी वेळ सकाळी ७ ते सायंकाळी ६ होती, पण गडचिरोलीच्या काही भागात दुपारी ३ लाच मतदान संपलं. वेळेखाली हे वाक्य जरूर घाला: 'वेळ संपण्याआधी रांगेत उभे असाल, तर नंतरही मत देता येते. रांग सोडू नका.'

आणि हे विधानसभेचं पत्रक पुढे महापालिकेसाठी 'फक्त नाव बदलून' वापरू देऊ नका. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि पायऱ्याच वेगळ्या असतात. पुण्यात २०१७ ला बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे होते, म्हणजे एका मतदारानं अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार बटणं दाबायची, आणि व्हीव्हीपॅट नव्हतं. मुंबईत मात्र प्रभागाला एकच नगरसेवक. 'एक बटण दाबा आणि बीपची वाट पाहा' या वाक्यानं पुण्यातल्या मतदाराला एका बटणावर थांबवून ठेवलं असतं. लोकसभा आणि विधानसभा एकाच दिवशी असल्या तरी टेबलं आणि अधिकारी वाढतात, म्हणून पत्रकाच्या माथ्यावर निवडणुकीचं नाव आणि वर्ष छापाच.

छपाईआधी पाच-सहा जणांवर ते वापरून पाहा. तुमच्या कार्यकर्त्यांवर नको, त्यांना सगळं माहीत असतं. पहिल्यांदा मत देणारा मुलगा, एखादी आजी, बाहेरगावाहून कामाला आलेला कुणी, असे घ्या. "समजलं का?" असं विचारू नका. आपल्याकडे त्याला "हो" शिवाय उत्तर येत नाही. खोलीत तीन स्टुलं मांडा, पलीकडे पुठ्ठ्याचं खोकं ठेवा, पत्रक वाचायला द्या किंवा वाचून दाखवा आणि मग चालायला सांगा. कुठे थांबतात, कुठला कागद हातात राहतो, कुठलं बोट पुढे करतात, ते पाहून लिहून घ्या. दोन माणसं एकाच जागी अडली की वाक्य बदला, शेजारी टीप लिहू नका.

चालून झाल्यावर मी दोन गोष्टी विचारते. पहिली, "हे पत्रक कुठल्या पक्षानं काढलं असेल?" सगळ्यांनी "काय माहीत" म्हटलं तर ठीक. दोघांनी एकाच पक्षाचं नाव घेतलं तर कुठलं तरी चित्र, रंग किंवा विशेषण राहिलेलं असतं, आणि ते कुठलं हे त्यांनाच विचारायचं. दुसरी, "बाहेर येताना हातात काय असेल?" मागच्या खेपेला एका आजींनी दोन्ही तळवे पुढे करून दाखवले आणि म्हणाल्या, "काय नाही, बोटाला शाई तेवढी." त्यानंतर आम्ही पत्रक छपाईला दिलं, खाली प्रकाशकाचं आणि मुद्रकाचं नाव-पत्ता टाकून.